किरणोत्सवाचे ८३ दिवस आणि उन्हाळ्याचे ८८: जानेवारीत पृथ्वी जोरात का पळते

जानेवारीचा पहिला आठवडा आला की आमच्या फॅमिली ग्रुपवर एक बातमी हमखास पडते, "आज पृथ्वी सूर्याच्या सर्वात जवळ". यंदा म्हणजे २०२६ ला ती वेळ ३ जानेवारीला रात्री पावणेअकराच्या सुमारास होती. दुसऱ्या दिवशी पहाटे रंकाळ्यावर फिरताना मामांनी मला तिथंच गाठलं. डोक्यावर कानटोपी, गळ्यात मफलर, तोंडातनं वाफ निघतीय आणि म्हणतात, "आरं, सूर्याजवळ गेलोय म्हणं आपण. मग ही कसली थंडी? आणि वर लिवलंय की पृथ्वी जोरात पळायलीय. कोण ढकलतंय तिला?"

थंडीचं उत्तर बऱ्याच जणांना माहीत असतंय, ते खाली देतोच. पण दुसरा प्रश्न खरा भारी आहे, आणि त्याचा पुरावा आपल्या कोल्हापुरातच वर्षातनं दोनदा बघायला मिळतो, फक्त कुणी दिवस मोजत नाही.

## आधी डोक्यातलं ते अंडं काढून टाका

शाळेच्या पुस्तकात पृथ्वीची कक्षा एकदम चपटी, अंड्यासारखी काढलेली असते, आणि सगळा घोळ तिथनंच सुरू होतो. कक्षा लंबवर्तुळ आहे हे खरं, पण किती लांबट? तुळशीपुढं अंगणात दोन खिळे ठोका, त्यात सुतळीचा सैल फास अडकवा, फास खडूनं ताणून धरून गोल फिरवा, की लंबवर्तुळ तयार. खिळ्यांच्या त्या दोन जागांना नाभी म्हणतात. आता ही आकृती साधारण दोन मीटर रुंद काढायची म्हटली तर पृथ्वीच्या कक्षेसाठी दोन खिळ्यांत अंतर ठेवायचं फक्त साडेतीन सेंटीमीटरच्या आत. आणि अशी जी आकृती येईल तिची लांबी आणि रुंदी यांच्यात फरक पडेल जेमतेम पाव मिलिमीटरचा, म्हणजे खडूच्या रेघेच्या जाडीतच तो गडप होतोय. डोळ्याला ते पक्कं वर्तुळच दिसणार.

मग वेगळं काय आहे? वेगळं हे की सूर्य मधोमध नाही, तो त्या दोनपैकी एका खिळ्यावर आहे, मधापासून पावणेदोन सेंटीमीटर बाजूला. आकार जवळपास गोलच, पण सूर्य सरकलेला. म्हणून वर्षातनं एकदा आपण १४ कोटी ७१ लाख किलोमीटरवर असतो, ती उपसूर्य स्थिती, जानेवारीच्या सुरुवातीला, आणि एकदा १५ कोटी २१ लाखांवर, ती अपसूर्य, जुलैच्या सुरुवातीला. फरक ५० लाख किलोमीटरचा, ऐकायला प्रचंड वाटतो पण टक्क्यात सव्वातीन-साडेतीनच्या मधे कुठंतरी.

## आता अंबाबाईच्या देवळात जाऊ

किरणोत्सव आपल्याला माहीतच आहे. ९, १०, ११ नोव्हेंबरला आणि परत ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारीला मावळतीचे किरण महाद्वारातनं आत येतात आणि आईच्या चरणांपासून वर चढत जातात. दोनदा का होतो? कारण सूर्य नोव्हेंबरात दक्षिणेकडं सरकत असताना एकदा त्या रेषेवर मावळतो, मग अजून दक्षिणेला जातो, २१-२२ डिसेंबरला वळतो आणि परत येताना फेब्रुवारीत पुन्हा त्याच रेषेवर मावळतो. जाताना एकदा, येताना एकदा.

मधली तारीख धरूया, १० नोव्हेंबर आणि १ फेब्रुवारी. कॅलेंडर घ्या आणि मोजा: नोव्हेंबरचे २०, डिसेंबरचे ३१, जानेवारीचे ३१, आणि १. झाले ८३ दिवस. म्हणजे किरणोत्सवाच्या रेषेच्या पलीकडं दक्षिणेला जाऊन परत यायला सूर्याला ८३ दिवस लागले.

आता हेच उत्तरेकडं करू. १० नोव्हेंबरला सूर्य विषुववृत्ताच्या जितका दक्षिणेला असतो (साधारण सव्वासतरा अंशाच्या जरा आत) तितकाच उत्तरेला तो कधी असतो? ८ मेच्या आसपास, आणि परतीच्या वाटेवर ४ ऑगस्टच्या आसपास. ही रेषा पण लांब कुठं नाही हां, त्या दिवशी दुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो तो कराडच्या जरा अलीकडच्या गावांत. आपल्याकडं शून्य सावलीचा दिवस त्याच्या एकदोन दिवस आधी मेमधे होऊन गेलेला असतो. ऑगस्टातला आपण कधी बघत नाही कारण तेव्हा पाऊस धो धो आणि सावली बघायला ऊन तर पाहिजे!

मोजा परत: मेचे २३, जूनचे ३०, जुलैचे ३१, ऑगस्टचे ४. झाले ८८.

तिकडं ८३, इकडं ८८. आकाशात सूर्य सरकला दोन्हीकडं तेवढाच, आणि पाच दिवसांचा फरक. तारखेत एखाद्या दिवसाची चूक होईल (लीप वर्ष, संध्याकाळ की दुपार वगैरे) पण पाच दिवस चुकीत जात नाहीत. मोठा हिशोब हवा असेल तर मार्चमधे दिवस-रात्र सारखी होते तिथनं सप्टेंबरपर्यंत मोजा, १८६ येतात, आणि सप्टेंबर ते मार्च १७९. पृथ्वी एकाच वेगानं फिरत असती आणि सूर्य मधोमध असता तर दोन्ही भाग सारखे यायला पाहिजे होते.

## पाच दिवस कशात वाचले

यात दोन गोष्टी एकत्र आहेत आणि लेखांमधे बहुतेक वेळा एकच सांगतात. जानेवारीत पृथ्वीचा वेग सेकंदाला ३०.२९ किलोमीटर असतो, जुलैत २९.२९. बरोब्बर एक किलोमीटरचा फरक, सेकंदाला हां, तासाचा धरला तर ३,६०० किलोमीटर. ही एक गोष्ट, पण फक्त यानं पाच दिवस वाचत नाहीत, निम्मेच वाचतात. उरलेले निम्मे वाचतात ते सूर्याजवळनं जाताना वळण आखूड पडतं म्हणून. शाळेच्या ग्राउंडवर आतल्या लेनमधनं पळणारा कमी अंतर पळतो की नाही, तसं. पृथ्वी जानेवारीत आतल्या लेनमधे असते आणि वर पायात जोर पण जास्त असतो, त्यामुळं दुहेरी फायदा.

## कोण ढकलतंय? पन्हाळ्याचा घाट बघा

मामांच्या प्रश्नाचं उत्तर घाटात आहे. पन्हाळ्यावरनं गाडी बंद करून न्यूट्रलवर सोडली (करू नका, सांगायला म्हणून घेतोय) तर वाघबीळकडं येईपर्यंत वेग वाढतच जातो. कुणी ढकललं नाही, उंची खर्च झाली आणि तिचा वेग झाला. आता समजा रस्त्यात घासणं अजिबात नाही, वारा नाही, ब्रेक नाही, तर खाली आलेली गाडी त्याच वेगाच्या जिवावर समोरचा चढ तेवढाच चढून जाईल, आणि चढताना वेग परत कमी कमी होईल.

पृथ्वीचं अगदी हेच चाललंय. सूर्याच्या बाबतीत "खाली" म्हणजे सूर्याकडं आणि "वर" म्हणजे सूर्यापासून लांब. जुलै ते जानेवारी सहा महिने पृथ्वी उतारावर असते, ५० लाख किलोमीटर खाली येते आणि वेग कमावते. जानेवारी ते जुलै चढ, कमावलेला वेग तेवढाच जातो. अवकाशात घासायला काही नाही, म्हणून हिशोब दरवर्षी चोख बसतो, पेट्रोल लागत नाही.

## "जवळ गेलं की ओढ जास्त, म्हणून वेग जास्त", हे बरोबर आहे का?

हे वाक्य सगळीकडं वाचायला मिळतं आणि ते अर्धवट आहे. जवळ गेल्यावर ओढ वाढते हे खरं, सातएक टक्क्यांनी. पण तेवढ्यानं वेग वाढत असता तर ३ जानेवारीनंतर काय होतंय ते सांगा. १० जानेवारीला पृथ्वी अजून सूर्याच्या जवळच आहे, ओढ जवळपास तेवढीच जबरदस्त आहे, आणि तरी वेग कमी व्हायला लागलेला असतो!

मुद्दा ओढ किती याचा नाही, ओढ कुठल्या दिशेला याचा आहे. ऑक्टोबरात पृथ्वी पळता पळता थोडी सूर्याकडं पण सरकत असते, म्हणजे ओढ थोडी पाठीमागनं लागते आणि वेग वाढतो. एप्रिलात ती लांब निघालेली असते, तीच ओढ थोडी समोरनं अडवते आणि वेग घटतो. आणि बरोब्बर उपसूर्याच्या क्षणी ओढ एकदम काटकोनात, बाजूनं असते, तेव्हा ती पृथ्वीला फक्त वळवते, वेगात त्या घडीला ना वाढ ना घट. म्हणजे गंमत बघा, वेग सगळ्यात जास्त असतो तेव्हा तो वाढायचा थांबलेला असतो. घाटाच्या तळाला गाडी सगळ्यात जोरात असते पण तिथं उतार संपलेला असतो, तसंच.

## मग एवढं जवळ जाऊन सूर्यात पडत का नाही?

हा प्रश्न पण आला मामांकडनं, आणि रास्त आहे. एवढी ओढ असताना परत लांब कशी जाते?

प्रत्येक अंतराला एक नेमका वेग असतो, ज्या वेगानं पळालं की तुम्ही त्याच अंतरावर गोल फिरत राहता, ना आत ना बाहेर. १४ कोटी ७१ लाखांवर तो वेग आहे साधारण ३०.०३. पृथ्वी तिथं पळतीय ३०.२९ नं. म्हणजे गरजेपेक्षा जास्त, वळणावर गाडी जास्त वेगात घेतली की बाहेर फेकली जाते तशी ती बाहेर सरकायला लागते. उलट जुलैत, १५ कोटी २१ लाखांवर, गोल फिरायला हवेत २९.५३ आणि तिच्याकडं आहेत २९.२९, कमी पडतात, म्हणून ती परत आत यायला लागते. आत आली की वेग वाढतो, वेग वाढला की बाहेर जाते, बाहेर गेली की वेग कमी पडतो. जवळ जाणं हेच तिला लांब पाठवतंय, त्यात सूर्यात पडायचा प्रश्नच येत नाही.

## भाकरीचे तुकडे

हा सगळा नियम केप्लर नावाच्या माणसानं १६०९ साली छापला, आणि तेव्हा ओढ-बिढ कुणाला माहीत नव्हती, न्यूटनचं पुस्तक यायला अजून ७८ वर्षं होती. केप्लरकडं फक्त टायको ब्राहे यांनी दुर्बिणीशिवाय, नुसत्या डोळ्यांनी घेतलेल्या मंगळाच्या नोंदी होत्या. त्यानं गोल कक्षा धरून हिशोब केला आणि मंगळ चुकला, किती, तर पूर्ण चंद्र आकाशात जेवढा रुंद दिसतो त्याच्या चौथ्या भागाएवढा. दुसरा कोण असता तर "चालतंय की" म्हणून सोडून दिलं असतं. त्यानं सोडलं नाही आणि त्यातनं लंबवर्तुळ निघालं. बरं, पृथ्वीच्या कक्षेवर हे काम करायला गेला असता तर ते अंड्याचं प्रकरण सापडलंच नसतं बहुधा, आपली कक्षा फारच गोल आहे. मंगळाची पाचपट जास्त सरकलेली आहे म्हणून जमलं.

त्याचा वेगाचा नियम असा: सूर्यापासून पृथ्वीपर्यंत एक दोरी बांधली आहे असं समजा, ती दोरी दररोज जेवढी जागा झाडून काढते ती वर्षभर सारखीच. भाकरीचे तुकडे समजा, एक आखूड पण रुंद, दुसरा लांब पण अरुंद, खायला दोन्ही सारखेच. करून बघू. जानेवारीत एका दिवसात पृथ्वी २६.१७ लाख किलोमीटर पळते आणि दोरी १४.७१ कोटींची. गुणाकार ३८५. जुलैत पळते २५.३१ लाख, दोरी १५.२१ कोटींची. गुणाकार परत ३८५. (त्रिकोणाचं क्षेत्रफळ म्हणून दोन्हीकडं निम्मं करायचं, पण तुलनेला फरक पडत नाही.) मी हे पहिल्यांदा मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर केलं तेव्हा दोनदा करून बघितलं होतं.

## बरं, थंडीचं काय मग

जवळ असल्यामुळं जानेवारीत ऊन खरंच जुलैपेक्षा सातएक टक्के जास्त कडक असतं, पृथ्वी अख्खी धरली तर. पण कोल्हापुरात जानेवारीच्या सुरुवातीला दुपारचा सूर्य क्षितिजापासून पन्नास अंशच वर येतो, तिरका, आणि जुलैच्या सुरुवातीला तो जवळजवळ डोक्यावर असतो, चौऱ्याऐंशी अंशांवर. नुसत्या या तिरकेपणामुळं दुपारच्या उन्हातला वीस टक्क्यांहून जास्त भाग जातो, शिवाय दिवस तेरा तासांचा होता तो अकरावर येतो. सात टक्के मिळाले आणि वीसच्या वर गेले, त्यामुळं कानटोपी लागणारच. पृथ्वीचा आस साडेतेवीस अंशाच्या आसपास कललेला आहे त्याचा हा परिणाम. अंतरामुळं ऋतू होत असते तर ऑस्ट्रेलियात पण आत्ता थंडी पाहिजे होती, तिथं जानेवारीत लोक समुद्रावर असतात.

जुलैत एक उलटा फॉरवर्ड फिरतो तो पण इथंच निकालात काढू. त्यात म्हणतात की "उद्यापासून अमुक तारखेपर्यंत पृथ्वी लांब जाणार, नेहमीचं अंतर ९ कोटी किलोमीटर असतं ते १५ कोटी २० लाख होणार, सर्दी-खोकला होईल, काळजी घ्या". पंधरा कोटीचा आकडा बरोबर आहे, नऊ कोटीचा साफ खोटा. मला वाटतं कुणीतरी मैलांचा आकडा (९ कोटी ३० लाख मैल) उचलून त्याला किलोमीटर चिकटवलं. खरंच नऊ कोटींवर असतो तर आजच्या तिप्पट नाही तरी पावणेतीनपट ऊन लागलं असतं. जुलैत कोल्हापुरात गारठा असतो तो पावसानं आणि ढगांनी.

## पंचांगात हे आधीच आहे

मामांचा कॅल्क्युलेटरवर विश्वास नाही, पण पंचांगावर आहे, म्हणून शेवटी ते उघडलं. सूर्य धनु राशीत येतो १६ डिसेंबरच्या आसपास आणि मकरसंक्रांतीला, १४ जानेवारीला निघतो. २९ दिवस. मिथुनेत येतो १५ जूनला आणि जातो १६ जुलैला. ३१ दिवस. नेमकं धरलं तर साडेएकोणतीसच्या जरा आत आणि साडेएकतीस. रास तीस अंशांचीच असते सगळीकडं, पण धनु राशीत सूर्य उरकतो आणि मिथुनेत रेंगाळतो, कारण उपसूर्य सध्या धनु राशीत पडतोय.

याचा एक परिणाम तर आपल्या सणांपर्यंत येतो. अमावास्या ते अमावास्या सरासरी साडेएकोणतीस दिवस आणि वर थोडं. उन्हाळ्यात सूर्य एका राशीत त्यापेक्षा जास्त थांबतो, त्यामुळं एखादा चांद्रमास सूर्यानं रास न बदलताच, म्हणजे संक्रांतीशिवायच निघून जातो, तो अधिकमास. म्हणून २०२३ ला अधिक श्रावण आला, २०२६ ला अधिक ज्येष्ठ. थंडीच्या दिवसांत सूर्य एवढा घाईत असतो की अधिक पौष सहसा पडत नाही, उलट क्वचित कधी एकाच चांद्रमासात दोन संक्रांती येतात आणि महिनाच गळतो, त्याला क्षयमास म्हणतात. १९८२-८३ च्या थंडीत असं झालं होतं.

"तो क्षयमास मला आठवतोय की," मामा म्हणाले. "तवा पंचांगवाल्यांत नुसती भांडणं लागलीवती." मग बोटावर १० नोव्हेंबरपासून दिवस मोजायला लागले, डिसेंबरात कुठंतरी चुकले, परत पहिल्यापासून सुरू केलं. यावेळी ८३ आले. मेचे मोजायला मात्र त्यांनी कॅलेंडर मागितलं.